येळवशीच्या सकाळी टायरात २४ होतं: हवा आणि नक्षी दर महिन्याला कशी बघायची

(शनिवारच्या परिपाठात शाळेच्या रस्ता सुरक्षा क्लबतर्फे मी हे भाषण केलं. वेळ दहा मिनिटांचा दिला होता, बावीस मिनिटं लागली. नंतर बऱ्याच जणांनी आकडे परत विचारले, म्हणून बोलले तसंच लिहून काढलंय. वाऱ्यामुळं मागच्या रांगांना जे ऐकू गेलं नाही, ते जरा सविस्तर लिहिलंय.)

आदरणीय मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

हा टायर बघून हसू नका. चौकातल्या पंक्चरवाल्या मामूंकडून मागून आणलाय. मामू म्हणाले, "परत नाही आणलीस तरी चालंल, भंगारच हाय." तो आपल्याला शेवटी लागणार आहे.

आधी हात वर करा. कुणाकुणाच्या घरी मोटारसायकल आहे? बघा, जवळजवळ सगळ्यांचे हात वर आहेत. आता तुमच्या गाडीच्या मागच्या टायरात हवा किती पाहिजे, तो आकडा ज्यांना पाठ आहे त्यांनीच हात वर ठेवा. तीन हात राहिले, आणि त्यातला एक आमच्या क्लबचाच आहे. येळवशीपर्यंत मलाही हा आकडा माहीत नव्हता.

आपल्या लातूर-धाराशिवकडं येळवस म्हटलं की सकाळी सगळं गाव शेताकडं निघतं. आमच्या घरीही तेच. पप्पा गाडी पुसत होते आणि मम्मी आंबिलीचा डेरा फडक्यात बांधत होती. क्लबकडं हवा मोजायचे दोन गेज आहेत, त्यातला एक मी आठवड्यासाठी घरी आणला होता. निघायच्या आधी मी तो मागच्या टायरला लावला. पप्पा म्हणाले, "पूजेची वेळ जायलीय, तू काय करलालीस तिथं?" मग त्यांनी अंगठ्यानं टायर दाबून बघितला आणि म्हणाले, "टणक हाय की." गेजवर आकडा होता २४. दोघं बसणार असतील तर तिथं ३३ हवे होते.

इथंच पहिली गोष्ट सांगते. अंगठ्यानं किंवा लाथेनं हवा कळत नाही. टायरचं रबर जाड असतं, त्याच्या आत दोऱ्यांचे थर असतात, त्यामुळं २४ ला आणि ३३ ला ते हाताला सारखंच लागतं. अंगठ्याला कळेपर्यंत टायर जवळजवळ बसलेला असतो. म्हणून गेज पाहिजे. साधा काट्याचा गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतो, वाड्यातल्या चार घरांत मिळून एक घेतला तरी भागतं.

पहिली पायरी: आपल्या गाडीचा आकडा शोधा

सगळ्यात जास्त चूक इथंच होते. टायरच्या बगलेवर इंग्रजीत बारीक अक्षरांत हवेचा एक आकडा असतो. बरेच जण तोच धरून हवा भरतात. तो आकडा टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा असतो, आपल्या गाडीला किती हवा लागते त्याचा नसतो. एकच टायर वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, मग टायर बनवणाऱ्याला तुमच्या गाडीचं वजन कसं माहीत असणार?

खरा आकडा गाडीवर असतो. मोटारसायकलला चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्यावर एक स्टिकर असतं. ते निघून गेलं असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात बघा. चारचाकीत ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर असतं. आमच्या गाडीच्या स्टिकरवर काळ्या मातीचा थर बसला होता. ओल्या फडक्यानं पुसल्यावर दिसलं: पुढं २५, मागं एकट्याला २८ आणि दोघांना ३३. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, आमचे उतरवून घेऊ नका.

हे आकडे पीएसआयमध्ये आहेत. पंपावर, दुकानात सगळे त्यातच बोलतात. स्टिकरवर १.७५ किंवा २ असा लहान आकडा असेल तर तो किलोत आहे, त्याला १४.२ नं गुणा. १.७५ चे साधारण २५ होतात. चारचाकीवर २३० असा मोठा आकडा असेल तर तो किलोपास्कलमध्ये आहे, ढोबळमानानं सातनं भागा, ३३ येतील. आठवीच्या मुलांनो, तुमच्या गणिताच्या सरांना हे उदाहरण फार आवडलं.

मागच्या टायराला दोन आकडे का असतात? कारण मागं बसलेल्या माणसाचं बहुतेक वजन मागच्या चाकावरच येतं. आमच्या घरी रोज पप्पा एकटे जातात, पण आठवडी बाजाराला आणि दवाखान्याला दोघं जातात. आम्ही दोघांचाच आकडा धरतो. रोज कमी-जास्त करत बसणं काही खरं नाही.

दुसरी पायरी: टायर थंड असताना मोजा

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे फ्रीजमधला नव्हे, न चाललेला. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर किलोमीटर-दोन किलोमीटर चाललेली असावी. म्हणून सकाळी, गाडी अंगणातून हलायच्या आधी मोजणं सगळ्यात बरं. अंगणात उन्हं येत असतील तर उन्हातल्या बाजूचा टायर तापतो, तेवढं लक्षात ठेवा.

यानं किती फरक पडतो, ते आमच्याच २४ वरून सांगते. मी पप्पांना विचारलं, हवा शेवटची कधी भरली होती? म्हणाले, दसऱ्याला. लातूरहून पूजेचं सामान घेऊन आले, तेव्हा दुपारी चौकात भरली होती, आणि मामूंनी बरोबर ३३ भरले होते. मामू खोटं बोलत नव्हते, त्यांचा काटाही बरोबर होता. मग नऊ पीएसआय गेले कुठं?

लातूरहून दुपारच्या उन्हात आलेला टायर आतून ४५ अंशांच्या आसपास असणार. येळवशीच्या पहाटे थंडी १२ अंशांपर्यंत उतरली होती. हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो. आपल्या टायरांपुरता ढोबळ हिशेब असा की दर सहा-साडेसहा अंशांना एक पीएसआय कमी होतो. ३३ अंशांचा फरक म्हणजे साधारण पाच पीएसआय. टायरला भोक नाही, पंक्चर नाही, तरी ३३ चे २८ झाले. उरलेल्या चारचं कारण साधं आहे. चांगल्यातल्या चांगल्या ट्यूबमधूनसुद्धा हवा रबरातून हळूहळू झिरपत असते, महिन्याला एक-दोन पीएसआय. दसरा ते येळवस अडीच महिने. हिशेब जुळला.

पुढच्या टायरचंही तसंच झालं होतं. पाहिजे होते २५, निघाले १८.

महिन्यातून एकदा का, ते यावरून कळलं असेल. एका महिन्यात गेलेली एक-दोन पीएसआय भरून काढता येते. तीन महिने थांबलं आणि त्यात ऋतू बदलला, तर नऊ जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आमच्याकडं बरेच जण अमावस्येला गाडी धुऊन नारळ फोडतात. मी पप्पांना म्हटलं, नारळ फोडायच्या आधी गेज लावायचा. त्यांना ते पटलं, कारण वेगळी तारीख लक्षात ठेवायची गरज राहिली नाही.

तिसरी पायरी: गेज लावायचा

व्हॉल्वचं टोपण काढा आणि खिशात ठेवा. खाली मातीत ठेवलं की हरवतं, आणि टोपण नसलं की व्हॉल्वमध्ये माती जाते. गेजचं तोंड व्हॉल्ववर सरळ आणि एकदम दाबा. तिरपं लागलं तर फुस्स आवाज येत राहतो आणि काटा कमी दाखवतो. आवाज थांबला आणि काटा स्थिर झाला की वाचा. मी प्रत्येक टायर दोनदा मोजते. दोन्ही वेळा सारखंच आलं तर वहीत लिहायचं, नाही तर तिसऱ्यांदा मोजायचं.

आता मामूंकडून शिकलेली एक गोष्ट. गेज काढल्यावर ते बोटाला थुंकी लावून व्हॉल्वच्या तोंडावर ठेवतात. तुम्ही साबणाचं पाणी घ्या, मॅडम माझ्याकडं बघतायत. पाण्याचा पडदा फुगून बुडबुडा आला तर व्हॉल्वची आतली पिन गळते आहे. ती बदलायला दोन मिनिटं आणि थोडेच पैसे लागतात. महिन्याला एक-दोन पीएसआय जाणं ठीक आहे, पण पाच-सहा जात असतील आणि हवामान तेच असेल, तर आधी हे बघायचं आणि मग पंक्चर शोधायचं.

व्हॉल्वकडं बघतच आहात तर आणखी एक गोष्ट बघा. आपल्या बऱ्याच मोटारसायकलींना आत ट्यूब असते. रिममधून बाहेर आलेला ट्यूबचा व्हॉल्व चाकाच्या मध्याकडं सरळ उभा पाहिजे. तो एका बाजूला कलला असेल तर टायर आणि ट्यूब रिमवर थोडे थोडे सरकले आहेत, असं समजायचं. हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमला घट्ट धरत नाही आणि ट्यूब ओढली जाते. कललेला व्हॉल्व एक दिवस बुडातूनच फाटतो, आणि मग ट्यूबमधली सगळी हवा एकदम जाते. आमच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व असाच कलला होता. मामूंनी टायर खोलून, ट्यूब सैल करून परत नीट बसवली. पप्पा म्हणाले, "दोन वर्षं झाली, तो तसाच होता की." म्हणजे दोन वर्षं हवा कमीच होती.

त्या दिवशी आम्ही शेजारच्या काकांचा पायपंप आणला. पंधरा-वीस दाबांत मागचा टायर ३३ ला आला. पंप नसेल तर पेट्रोल पंपावर जा, तिथं हवा फुकट असते. फक्त घरून निघायच्या आधी मोजून ठेवा, कारण पंपापर्यंत जाता जाता टायर तापतो. घरी पाच कमी दिसले असतील तर पंपावर काटा जो आकडा दाखवेल, त्यात पाच वाढवून घ्या, स्टिकरवरच्या आकड्यावर थांबू नका. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा. प्रवासात असाल आणि घरी मोजलं नसेल, तर एवढं लक्षात ठेवा: तापलेला टायरसुद्धा स्टिकरच्या आकड्यापेक्षा कमी दाखवत असेल तर हवा नक्कीच कमी आहे.

उन्हाळ्यात हवा कमी करायची नाही

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आमच्या घरी यावरून भांडण झालं.

पप्पा म्हणाले, "उन्हाळ्यात हवा फुगते आन टायर फुटतो. आम्ही तर चार-पाच कमीच ठेवतो." आबाही त्यांच्या बाजूनं. गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. ऐकायला बरोबर वाटतं. हवा तापली की दाब वाढतो, हे मीच आत्ता सांगितलं. मग काढायला काय हरकत आहे?

इथं मी एक बांधणीची तार आणली आहे. सर, तुम्ही ही एकाच जागी दहा-पंधरा वेळा भराभर वाकवाल का? ... आता वाकवलेल्या जागेला बोट लावून बघा. भाजतंय ना? सावलीत उभे राहून सरांनी ती नुसत्या वाकवण्यानं तापवली.

टायरची बगल अशीच वाकते. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तिथं बगल दबते, वर गेली की सरळ होते. मोटारसायकलचं चाक एका किलोमीटरला पाचशेच्या वर फिरतं. औश्याहून लातूरला जायचं म्हणजे वीसेक किलोमीटर, दहा हजार वेळा वाकणं. हवा पुरेशी असेल तर ती थोडीशी वाकते. हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीला जास्त दबते, आणि तारेसारखी आतून तापते. एप्रिल-मे महिन्यात बाहेरच ४०-४२ अंश, डांबर त्याहून तापलेलं, गाडीवर तिघं बसलेले, आणि टायर आतून स्वतःची उष्णता तयार करतोय. ती उष्णता बाहेर जायला जागा नाही. रबर आणि आतले दोरे एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि मग टायर फुटतो. फुटल्यावर सगळे म्हणतात, हवा जास्त झाली होती. बहुतेक वेळा ती कमी असते.

हवा तापल्यानं चार-पाच पीएसआय वाढणार, हे कंपनीला माहीत असतं. स्टिकरचा आकडा ते धरूनच दिलेला असतो. तापलेल्या टायरातून तुम्ही ते चार-पाच काढले तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेवढाच कमी होऊन बसतो, मग जास्त वाकतो, जास्त तापतो, दुपारी परत फुगल्यासारखा वाटतो, आणि तुम्ही परत हवा काढता. पप्पांना मी हे कागदावर आकडे मांडून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पण होळीच्या आधी त्यांनी हवा ३३ भरून आणली आणि पावतीसारखा मला गेज दाखवला.

याचा अर्थ आकड्यापेक्षा पाच जास्त भरा असा नाही. हवा जास्त झाली की टायर टणक होतो, खड्ड्यात गाडी उडते, आणि टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला लागतो. ब्रेक लागायला जास्त अंतर जातं. स्टिकरवर जेवढं आहे तेवढंच.

हवा कमी असल्याची आणखी एक खूण आहे. खड्ड्यात किंवा रस्त्याच्या तुटक्या कडेवर गाडी आपटली आणि ट्यूब पंक्चर झाली, तर मामूंना ट्यूब दाखवायला सांगा. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील, दोन दात रुतल्यासारखी, तर खिळा लागलेला नाही. टायर इतका दबला की ट्यूब रिमच्या कडेत चिमटली. आपल्या शिवारातल्या रस्त्यांवर ही पंक्चर फार होते. तिचा उपाय नवीन ट्यूब नाही, योग्य हवा.

चौथी पायरी: नक्षी मोजायची

हवा पाच मिनिटांत होते. नक्षीलाही तेवढाच वेळ लागतो, पण आधी टायर धुवावा लागतो. आपल्या काळ्या मातीनं खाचा भरल्या की नवा टायर गोटा दिसतो आणि गोटा टायर धड दिसतो. काडीनं माती आणि खडे काढा. खडे काढताना खिळा किंवा काच रुतलेली दिसली तर ती उपसू नका, तशीच मामूंकडं न्या. ट्यूबलेस टायर असेल तर खिळ्यानंच हवा धरून ठेवलेली असते.

आता खाचेच्या तळाशी बघा. काही ठिकाणी आडवा छोटा उंचवटा दिसेल, खाचेत बांधलेल्या बांधासारखा. तो सापडत नसेल तर टायरच्या बगलेवर छोटा त्रिकोण किंवा टी, डब्ल्यू, आय ही तीन इंग्रजी अक्षरं शोधा, आणि तिथून सरळ वर खाचेत जा. हा उंचवटा म्हणजे झिजेची खूण. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणं दुचाकी आणि तीनचाकीच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर गाड्यांची १.६ मिलिमीटर पाहिजे.

खोली मोजायला कंपास पेटीतली पट्टी थेट खाचेत उभी करू नका. पट्टीवरचा शून्य काठावर नसतो, थोडा आत असतो, म्हणून एक-दोन मिलिमीटरची चूक इथंच होते, आणि आपल्याला मोजायचंच दोन मिलिमीटर आहे. खराट्याची काडी घ्या. खाचेत उभी धरा, बाहेरच्या रबराच्या पातळीला नखानं खूण करा, आणि मग ती काडी पट्टीवर आडवी ठेवून शून्यापासून मोजा. झिजेच्या उंचवट्यावर काडी टेकवू नका, खाचेच्या खऱ्या तळावर टेकवा. टायरवर तीन जागी मोजा, आणि प्रत्येक जागी मधे आणि कडेला.

या पद्धतीनं ०.८ आणि १.२ मधला फरक कळत नाही, हे मान्य आहे. म्हणून मी घरी एक नियम केलाय: काडीवर दोन मिलिमीटरपेक्षा कमी आलं की पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही, टायर बदलायचा. आमच्या मागच्या टायरला मधे दोन आले, कडेला चार. पुढच्या टायरला सगळीकडं चारच्या वर.

मधे कमी आणि कडेला जास्त असेल तर पुस्तकात लिहिलेलं असतं, हवा जास्त होती. चारचाकीला ते बरोबर आहे. मोटारसायकलला जरा सांभाळून. सरळ रस्त्यावर मोटारसायकलचा मधलाच पट्टा रस्त्याला लागतो, त्यामुळं तो लवकर झिजणारच. आमच्याकडं तर हवा कमी असूनही मधलाच भाग झिजला होता. चारचाकीचे दोन्ही काठ झिजले आणि मधला भाग राहिला तर हवा कमी होती असं समजा. एकाच बाजूचा काठ खाल्ला असेल तर हवेचा दोष नाही, चाक तिरपं चालतंय, अलाइनमेंट करून घ्यायला सांगा. २०२३ मध्ये समृद्धीवर प्रवेशाच्या ठिकाणी आरटीओची माणसं टायर तपासायला उभी राहिली होती. तिथं चारचाकीला १२० पर्यंत वेग चालतो, त्या वेगाला कमी हवेचा झिजका टायर फार वेळ टिकत नाही.

झिजका टायर कोरड्या रस्त्यावर बरा धरतो, म्हणून माणूस फसतो. उन्हाळाभर गाडी व्यवस्थित चालते आणि वाटतं, अजून एक पावसाळा निघेल. खाचा आहेत त्या टायरखालचं पाणी बाजूला काढायला. खाच नसेल तर पाण्याला जायला जागा नाही, टायर पाण्यावरच सरकतो. त्यातही मृगाचा पहिला पाऊस वाईट, कारण आठ महिन्यांची धूळ आणि सांडलेलं तेल त्यात कालवलेलं असतं. म्हणून मे महिन्याच्या तपासणीत मी हवेपेक्षा नक्षीला जास्त वेळ देते. आमचा मागचा टायर आम्ही मे महिन्यातच बदलला.

टायर घेताना बगलेवर चार आकडे एकत्र लिहिलेले बघा. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवीकोरी असली तरी गोदामात पाच-सहा वर्षं पडलेला टायर घेऊ नये, रबर जुनं होतं. घरच्या टायरच्या बगलेवर बारीक भेगा दिसायला लागल्या असतील, उन्हात उभ्या गाडीला त्या लवकर पडतात, तर मोजमाप बाजूला ठेवून मामूंना दाखवा. भेगा मोजायला काडी चालत नाही.

वही

शंभर पानी वही नको, मागचं एक पान पुरे. तारीख, पुढची हवा, मागची हवा, मागच्या नक्षीची मधली खोली, एवढंच लिहायचं. आमच्या पानावर पहिली ओळ आहे: येळवस, १८, २४, २. पुढची अमावस्या: २४, ३२, २. त्याच्या पुढची: २४, ३२, २. म्हणजे दोन्ही टायरांतून महिन्याला एकच जाते, सगळं ठीक आहे. एखाद्या महिन्यात मागचा एकदम २६ दिसला तर पान बघूनच कळेल की काहीतरी गळतंय, आणि हे पान नसेल तर २६ हा नुसता आकडा आहे.

एक जण मगाशी म्हणाला, आम्हाला लायसन नाही, आम्ही काय तपासणार? गाडी चालवायला लायसन लागतं. मोजायला लागत नाही. उलट आपण चालवत नाही म्हणून आपल्याला घाई नसते. पप्पांना पूजेची घाई होती, मला नव्हती.

आता हा टायर. मामूंकडून आणताना मी त्याला काडी लावून तीन जागी मोजून ठेवलंय, आणि आकडे या घडी घातलेल्या कागदावर आहेत. टायर मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ ठेवते. खराट्याच्या काड्या आणि पट्टी तिथंच असेल. झिजेची खूण शोधा, नक्षी मोजा, बनल्याचा आठवडा वाचा आणि चिठ्ठीवर लिहून मला नववी 'ब' मध्ये आणून द्या. एक सूचना: बगलेवर एका जागी त्रिकोण पुसला गेलाय, दुसरा शोधावा लागेल.